बरणी पेटची, पण लेबल कशाचं? या चुका टाळा

इंदूरला आमचा शेव-चिवड्याचा छोटा कारखाना आहे. गेल्या दिवाळीत ४०० ग्रॅम शेवेसाठी पेट नावाच्या प्लास्टिकची पारदर्शक बरणी घेतली आणि तिला गळ्यापासून बुडापर्यंत रंगीत श्रिंक स्लीव्ह, म्हणजे गरम केल्यावर आकसून घट्ट बसणारं प्लास्टिकचं लेबल, चढवली. पेट आहे म्हणजे रिसायकल होणारच, असा आमचा समज. नमुन्याच्या रिकाम्या बरण्या भंगारवाल्याला द्यायला गेले, तर त्याने एक उलटीसुलटी करून पाहिली नि म्हणाला, "पहले ये पन्नी निकालो."

त्याचं बरोबर होतं. रिसायकलिंगमध्ये बरण्यांचे बारीक तुकडे करून पाण्यात सोडतात. पेट पाण्यापेक्षा जड, ते बुडतं. पॉलिप्रॉपिलीनचं झाकण हलकं, ते वर तरंगतं आणि आपोआप वेगळं होतं. आमची स्लीव्ह पीव्हीसीची होती, म्हणजे तीही बुडणारी. ती पेटबरोबरच पुढे जाते, आणि पेट वितळण्याच्या सुमारे २५० अंशांना पीव्हीसी जळून आम्ल सोडतं. सगळा माल पिवळा पडतो, त्यात काळे ठिपके येतात.

प्रिंटरने सुचवलं, "मग पेटजी प्लास्टिकची स्लीव्ह घ्या." ही दुसरी चूक. नाव जवळचं असलं तरी तीही बुडते, वर वाळवताना लवकर मऊ होऊन गोळे धरते.

ऑर्डर देण्याआधी नमुना मागवा आणि पाण्यात टाकून पाहा. बरणी, झाकण, लेबल यांचे नखाएवढे तुकडे करा, पाण्यात भांड्याच्या साबणाचा एक थेंब टाका (नाहीतर बुडणारा तुकडाही पाण्याच्या पृष्ठभागावर अडकतो) आणि ढवळा. बरणी खाली, बाकी सगळं वर, असंच हवं. खाली गेलेला तुकडा पीव्हीसीचा आहे का, हे बघायचं तर तांब्याची तार लाल होईपर्यंत तापवून त्याला लावा आणि पुन्हा ज्योतीत धरा. ज्योत हिरवी झाली तर क्लोरीन आहे, म्हणजे बहुधा पीव्हीसी. हे मोकळ्या हवेत करा, धूर हुंगू नका.

आम्ही शेवटी बीओपीपीचं, म्हणजे पॉलिप्रॉपिलीनच्याच पातळ फिल्मचं, गुंडाळायचं लेबल घेतलं. ते तरंगतं. गोंद फक्त दोन टोकांच्या पट्ट्यांना लावला, आणि वरखाली बरणी उघडी ठेवली, त्यामुळे शेवही दिसते. घटक, एफएसएसएआय क्रमांक, वजन, किंमत, तारीख, सगळं त्यात मावलं.

कागदी लेबल साधं वाटतं, पण धुताना त्याचा लगदा होतो आणि तंतू पेटच्या तुकड्यांना चिकटून राहतात. तोंडावरचं अॅल्युमिनियमचं सील मात्र आम्ही ठेवलं, त्याशिवाय शेव मऊ पडते. फक्त ओढल्यावर अखंड निघतं ना, हे दहा बरण्यांवर करून पाहिलं. तीन बरण्यांवर कडेला तुकडे चिकटून राहिले होते. सील मशीनची उष्णता थोडी कमी केल्यावर ते थांबलं.