‘रद्द करा’ दाबूनही तिकीट रद्द का होत नाही? ॲपमधली मराठी बटणं वाचताना या चुका टाळा

दादरच्या शिवाजी मंदिरातल्या रविवारच्या प्रयोगाची दोन तिकिटं फोनवरून काढली आहेत. शनिवारी रात्री कळतं की उद्या मेगाब्लॉक आहे आणि डोंबिवलीहून येणारी पाहुणेमंडळी काही येत नाहीत. तुम्ही ॲप उघडून तिकीट रद्द करायला जाता. चौकट येते: ‘आपण हे बुकिंग रद्द करू इच्छिता?’ खाली डावीकडे ‘रद्द करा’, उजवीकडे ‘ठीक आहे’.

साहजिकच बोट ‘रद्द करा’वर जातं. चौकट मिटते, आपण फोन ठेवून देतो. तिकीट मात्र जसंच्या तसं शाबूत असतं. त्या बटणाचा अर्थ होता, ‘रद्द करण्याचा विचार सोडून द्या’. तिकीट खरोखर रद्द करणारं बटण होतं ‘ठीक आहे’.

मी ॲपच्या मजकुराचं मराठी तपासायचं काम करते. हा घोटाळा कुठे होतो ते सांगते. ॲपमधली वाक्यं पडद्यावर दिसतात तशी भाषांतराला जात नाहीत. ती एका फाइलीत सुटी सुटी लिहिलेली असतात. वरच्या चौकटीची फाइल साधारण अशी असेल:

```xml
<string name="ask_cancel">Cancel this booking?</string>
<string name="btn_yes">OK</string>
<string name="btn_no">Cancel</string>
```

शेवटच्या ओळीत `btn_no` असं स्पष्ट लिहिलंय, म्हणजे हे नकाराचं बटण आहे. पण ते नाव प्रोग्रामरसाठी. भाषांतर करणाऱ्या यंत्राला अनेकदा फक्त मधला शब्द दिला जातो, आणि एकट्या ‘कॅन्सल’चं मराठी ‘रद्द करा’ हे चूक म्हणता येत नाही. चूक आहे ती शब्दाला त्याच्या चौकटीपासून तोडण्यात. खरं तर ही चौकट इंग्रजीतही वाईटच आहे. पण इंग्रजीत ॲप वापरणाऱ्याला चौकटीतलं ‘कॅन्सल’ म्हणजे ‘राहू दे’ ही सवय झालेली असते. मराठी ‘रद्द करा’ला तशी सवय चिकटलेली नाही. आपण ते सरळ आज्ञा म्हणून वाचतो, आणि तसंच वाचायला हवं.

त्यात आणखी एक गंमत. अँड्रॉइडवर ‘ओके’ आणि ‘कॅन्सल’ हे शब्द ॲपवाल्याला स्वतः लिहावेच लागतात असं नाही, फोनच्या सिस्टीममधले तयार उचलता येतात. मग एकाच चौकटीतला प्रश्न एकाने मराठीत आणलेला असतो आणि बटणं दुसऱ्याने. दोघांनी एकमेकांचं काम पाहिलेलंच नसतं.

तेव्हा पहिली चूक म्हणजे एकच बटण वाचून दाबणं. दोन्ही बटणं वाचा आणि प्रत्येकाला प्रश्नाचं उत्तर म्हणून लावून पाहा. ‘रद्द करू इच्छिता?’ याला ‘ठीक आहे’ हे होकाराचं उत्तर झालं. मग उरलेलं बटण नकाराचंच असणार, त्यावर काहीही लिहिलेलं असो. जागेचाही थोडा आधार घेता येतो: अँड्रॉइडच्या नेहमीच्या चौकटीत काम पुढे नेणारं बटण उजवीकडे आणि माघार घेणारं त्याच्या डावीकडे असतं. ऑफिसातल्या विंडोज कंप्युटरवर मात्र हा क्रम उलटा, आणि पुष्कळ ॲप स्वतःच्या चौकटी आपल्या मर्जीने काढतात. म्हणून जागा ही साक्षीदार समजा, न्यायाधीश नव्हे. तरीही उलगडा झाला नाही तर फोनचं ‘मागे’ वापरा. बहुतेक चौकटींत त्याचा अर्थ ‘काहीच करू नका’ असाच असतो.

दुसरी चूक जास्त महागात पडते: चौकट मिटली म्हणजे काम झालं असं धरून चालणं. चौकट दोन्ही बटणांनी मिटते. पुरावा शोधायचा तो बुकिंगच्या यादीत. तिथे तिकिटापुढची स्थिती बदलली का, रद्द केल्याचा एसएमएस किंवा ईमेल आला का, परताव्याची रक्कम दिसते का? यातलं काहीच नसेल तर तिकीट अजून तुमच्याच नावावर आहे, आणि रद्द करायची मुदत संपायच्या आत परत त्या चौकटीकडे जायला हवं.

तिसरी चूक जरा हुशार माणसं करतात. शंका आली की तो एकच शब्द उचलून भाषांतराच्या ॲपमध्ये टाकतात. म्हणजे ज्या कारणाने गोंधळ झाला तेच पुन्हा करायचं! त्यापेक्षा मनातल्या मनात उलटं जा: या विचित्र मराठी शब्दाखाली कोणता इंग्रजी शब्द दडला असेल, आणि त्याचे आणखी काय अर्थ होतात? कोपऱ्यात फुलीजवळ ‘जवळ’ लिहिलंय? तिथे ‘क्लोज’ असणार, म्हणजे बंद करा. शोधाच्या रकान्याशेजारी ‘स्पष्ट’? ते ‘क्लिअर’, म्हणजे पुसा. हे विनोदी नमुने निरुपद्रवी असतात, कारण ते वाचताक्षणी खटकतात.

धोका असतो तो न खटकणाऱ्या शब्दात. ‘अप्लाय’ घ्या. त्याचं ‘लागू करा’ही होतं आणि ‘अर्ज करा’ही. सवलतीच्या कुपनखाली ‘अर्ज करा’ आलं तर फार तर आपण बिचकू आणि सवलत हुकेल. पण रिचार्ज करताना मध्येच कर्जाची जाहिरात आली आणि तिच्याखाली ‘लागू करा’ असलं, तर ती सवलतच वाटते आणि दाबल्यावर कर्जाचा अर्ज उघडतो. इथे शब्दाकडे बघून काही कळणार नाही, बटणाच्या आजूबाजूला बघा. कुपनाचा कोड आणि कमी झालेली एकूण रक्कम दिसत असेल तर सवलत. पुढच्या पडद्यावर पॅन नंबर किंवा मासिक उत्पन्न विचारलं तर अर्ज. तिथूनच परत फिरा.

एवढं करूनही शंका राहिली तर मूळ शब्दच बघावा. अँड्रॉइड १३ पासून पूर्ण फोन मराठीत ठेवून एखाद्याच ॲपची भाषा बदलता येते. सेटिंग्जमध्ये सिस्टीम, मग भाषा, मग ॲपच्या भाषा असा रस्ता असतो, कंपनीगणिक नावं थोडी बदलतात. आयफोनवर सेटिंग्जमध्ये त्या ॲपच्या नावाखाली भाषा दिसते, मात्र त्यासाठी फोनमध्ये एकाहून जास्त भाषा घातलेल्या हव्यात. काही ॲप या यादीत येतच नाहीत. शिवाय भाषा बदलली की पडदा नव्याने उघडू शकतो आणि अर्धवट भरलेला फॉर्म पुसला जाऊ शकतो. पैसे भरायच्या मधोमध हा प्रयोग नको. आधी बाहेर पडा, भाषा बदला, मग पुन्हा त्या चौकटीपर्यंत या.

ॲपवाल्यांना कळवायचं असेल तर नुसतं ‘मराठी चुकीचं आहे’ लिहून उपयोग नाही. त्या वाक्याने फाइलीतल्या कुठल्या ओळीला हात लावायचा ते कळत नाही. पूर्ण पडद्याचा स्क्रीनशॉट पाठवा, तिथवर कसे पोचलात ते लिहा आणि बटण दाबल्यावर प्रत्यक्षात काय झालं तेही. सोबत पर्याय सुचवा: या चौकटीत ‘रद्द करा’च्या जागी ‘नको, तिकीट राहू द्या’ आणि ‘ठीक आहे’च्या जागी ‘हो, तिकीट रद्द करा’.