लोककथा लिहून काढणाऱ्यांना मुख्याध्यापकांचं आभारपत्र: लिहायला बसण्याआधीची तयारी

आजींच्या तोंडून रेकॉर्ड केलेल्या गोष्टी स्वयंसेवकांनी ऐकून टाइप केल्या, त्यांचं शाळेचं पुस्तक होतंय, आणि त्या सगळ्यांना आता आभारपत्र द्यायचंय. आधी नावं. कामाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरून यादी उचलू नका सर, ग्रुपमध्ये नुसते अंगठे दाखवणारेही असतात आणि जिने सासूबाईंच्या शेजारी बसून अडलेले शब्द विचारून दिले ती सून ग्रुपमध्ये नसतेच. ऑडिओ फाइलींच्या वहीवरून यादी काढा, म्हणजे कोणी टाइप केलं, कोणी पुन्हा ऐकून तपासलं, कोणी अर्थ विचारून आणला असं वेगवेगळं. नाव ज्याचं तो जसं लिहितो तसंच, आणि पुस्तकातल्या ऋणनिर्देशाच्या पानावरही अगदी तेच.

मग प्रत्येकाची फाइल उघडून त्याने केलेली एक तरी खरी गोष्ट टिपून ठेवा, यालाच जास्त वेळ द्या कारण पत्राचा जीव इथेच आहे. एका तासाचं रेकॉर्डिंग उतरवायला चार-सहा तास सहज जातात, बोली असेल तर अजून जास्त, आणि त्या माणसाला नुसतं "मोलाचे सहकार्य लाभले" वाचायला मिळालं तर वाईट वाटतं हो. समजा गोष्टी अहिराणीतल्या आहेत. आजी म्हणते "डोया", "तठे", "करी ऱ्हायना", आणि फोनचा कीबोर्ड गुपचूप "डोळा", "तिथे" करून टाकतो, लिहिणाऱ्याचा हातही सवयीने प्रमाण मराठीकडे जातो. ज्या पोराने परत ऐकून सगळे "डोया" जागेवर आणले त्याला सरळ तेच लिहा: "तुम्ही आजींचा डोया डोयाच ठेवलात, म्हणून छापलेली गोष्ट वाचताना त्यांचा आवाज ऐकू येतो." जिथे टेपवर गिरणीचा आवाज होता आणि कोणी अंदाजाने भरण्याऐवजी "अस्पष्ट" असं लिहून वेळ नोंदवली, त्याचेही आभार माना, मला तर हे काम सगळ्यात प्रामाणिक वाटतं.

गोष्ट सांगणाऱ्यांचं पत्र वेगळं काढा. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी जमवलेल्या जात्यावरच्या ओव्यांसोबत गाणाऱ्या बाईचं नाव-गाव नोंदलेलं आहे, तसंच आपल्याकडेही गोष्ट आजीची आणि उतरवणं स्वयंसेवकाचं हे पत्रात स्पष्ट दिसू दे. एखादी गोष्ट पुस्तकात आली नसेल किंवा कापून लहान केली असेल तर तेही पत्रातच सांगा, आणि पूर्ण उतारा शाळेत कुठे ठेवलाय ते पण. छापलेल्या प्रतीत शोधत बसायला लावू नका.

पान नंबर लिहायचा असेल तर शेवटचं प्रूफ हातात आल्याशिवाय पत्र टाइप करू नका, पानं सरकतात. कॉलेजची मुलं हे पत्र पुढे अर्जाला जोडतात, म्हणून लेटरहेड, जावक क्रमांक, तारीख, शिक्का हवाच, तास मात्र वहीत नोंद असतील तरच लिहा. सही पेनाने, प्रत्येक पत्रावर वेगळी, आणि एक झेरॉक्स शाळेच्या फाइलला.