पांढऱ्या पाटीवर भाडं मारताय? आधी पॉलिसीतली ही एक ओळ बघा

घाटावरून मालवण-कुडाळ पट्ट्यात नवीन आलेल्यांसाठी लिहितोय. इथे आलं की पहिल्या सीझनलाच एक गोष्ट होते. दारात आपली अर्टिगा नाहीतर वॅगनआर उभी असते, आणि शेजारचा होमस्टेवाला विचारतो, "टेशनारसून पावण्यांका घेवन येशील काय रे?" दोन पैसे सुटतात, ओळखी होतात, मग पावणेच नंबर नेतात आणि पुढच्या वेळी थेट तुम्हालाच फोन करतात. मे महिना, गणपती, डिसेंबर असं करत वर्षभर चालू राहतं. गाडी मात्र पांढऱ्या पाटीची आणि पॉलिसी प्रायव्हेट कारची.

पॉलिसीची पीडीएफ उघडा आणि त्यात 'लिमिटेशन्स ॲज टू यूज' असं लिहिलेला भाग शोधा. प्रायव्हेट कारच्या पॉलिसीत तिथे लिहिलेलं असतं की गाडी कशासाठीही वापरा, पण काही कामं सोडून, आणि त्या यादीत पहिलंच येतं 'हायर ऑर रिवॉर्ड', म्हणजे पैसे घेऊन माणसं नेणं. महिन्यातून एकदा नेलं की रोज नेलं याने फरक पडत नाही, अपघाताच्या त्या फेरीत भाडं ठरलं होतं का एवढंच बघतात.

आता एक केस धरून चला. अर्टिगा, पांढरी पाटी, फुल पॉलिसी. कुडाळ स्टेशनवरून पाच पावणे घेतले, देवबागपर्यंत बाराशे रुपये ठरले. चौक्याजवळ वळणावर समोरून बाईकवाला आला, धडक झाली, त्याचा पाय मोडला, मागच्या सीटवरच्या एका बाईंच्या खांद्याला लागलं, गाडीचा पुढचा भाग गेला आणि वर्कशॉपने एक लाख ऐंशी हजारांचं एस्टिमेट दिलं. हे तीन वेगळे हिशेब आहेत आणि तिन्हीकडे वेगळं घडतं, म्हणून ते एकात मिसळू नका.

पहिला बाईकवाला. त्याची केस मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात जाते. मोटार वाहन कायद्याच्या कलम 150 मध्ये कंपनीला बचाव दिलेला आहे की परमिट नसलेली गाडी भाड्यावर चालवली म्हणून पॉलिसीची अट मोडली. कोर्टाला जखमी माणूस उपाशी ठेवायचा नसतो, त्यामुळे पुष्कळदा आदेश असा होतो की कंपनीने आधी पैसे द्यावे आणि मग मालकाकडून वसूल करावे. आपल्या लोकांना वाटतं कंपनीने दिले, सुटलो. तसं नाहीये, समजा आठ लाख मंजूर झाले तर ते आठ लाख कंपनी तुमच्याकडून मागणार, आणि त्यासाठी तिला नवीन दावाही लावावा लागत नाही, त्याच न्यायाधिकरणातून वसुली चालते. गावाकडची जमीन, घर, गाडी सगळं त्यात येऊ शकतं.

दुसऱ्या त्या बाई. प्रायव्हेट पॅकेज पॉलिसीत गाडीत बसलेल्यांना कव्हर असतं, पण तिथेच कंसात अट असते की ते भाडं देऊन बसलेले नसावेत. त्यामुळे इथे तुमची बाजू सगळ्यात कमकुवत असते, आणि आपण विश्वासाने नेलेल्या माणसाच्या उपचाराचा खर्च आपल्याच खिशातून जातो. मला या धंद्यात हेच सगळ्यात वाईट वाटतं, कारण पावण्याला बसताना यातलं काहीच माहीत नसतं.

तिसरी गाडी. इथे बहुतेक सरळ नकाराचं पत्र येतं, पण ते पत्र म्हणजे शेवट नाही. 2008 मध्ये सुप्रीम कोर्टाने चोरीच्या एका केसमध्ये म्हटलं की गाडी टॅक्सी म्हणून वापरली हे चोरीच्या क्लेममध्ये मुद्द्याचं नाही, आणि 75 टक्के रक्कम द्यायला लावली. 2010 मध्ये भाड्याने दिलेल्या प्रायव्हेट गाडीच्या अपघातातही क्लेम पूर्ण नाकारू नका, 'नॉन-स्टँडर्ड' म्हणून काही रक्कम द्या असा निकाल आला. आपल्या केसमध्ये पूर्ण 75 टक्के जरी मिळाले तरी एक लाख पस्तीस हजार होतात, तेही भांडून. आधी कंपनीला लेखी तक्रार करा, महिनाभरात उत्तर नाही किंवा पटलं नाही तर विमा लोकपालाकडे जा, नकार मिळाल्यापासून वर्षाच्या आत. तिथे फी नाही आणि वकील लागत नाही.

एजंट सांगतात, "काय होत नाही, पाहुणे होते म्हणून सांगा." हे अजिबात ऐकू नका. जखमी पावण्याचा जबाब पोलीस घेतात आणि त्यात "कुडाळवरून भाड्याची गाडी केली" असं तो साधेपणाने सांगून टाकतो, त्याला लपवायचं काही कारणच नसतं. कंपनीचा तपासनीस तो जबाब काढतो, होमस्टेवाल्याला भेटतो, ऑनलाइन आलेले बाराशे रुपये बघतो. मग अट मोडल्याचा साधा विषय खोटी माहिती देण्यावर जातो आणि वर सांगितलेले 75 टक्के मागायलाही तोंड राहत नाही.

अजून एक गैरसमज फिरतोय. नोव्हेंबर 2024 मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की एलएमव्ही लायसनवर साडेसात टनांच्या आतली ट्रान्सपोर्ट गाडी चालवता येते, तर लोक म्हणतात आता सगळं चालतं. तो निकाल ड्रायव्हरच्या लायसनबद्दल आहे, गाडीच्या परमिटशी आणि पॉलिसीशी त्याचा संबंध नाही. विना परमिट भाडं मारताना पकडलं तर कलम 192अ खाली पहिल्याच वेळी दहा हजार दंड आणि सहा महिन्यांपर्यंत कैदेची तरतूद आहे, ते वेगळंच.

मग करायचं काय? नुसती पॉलिसी बदलून होत नाही, कारण आरसीवर 'मोटर कार' असताना टॅक्सीची पॉलिसी काढून काही उपयोग नाही. आधी गाडीवर लोन असेल तर बँकेचं ना-हरकत पत्र, मग ओरोसच्या आरटीओत (रत्नागिरीत असाल तर तिथल्या) गाडी खाजगीतून टॅक्सीत बदलायचा अर्ज, टॅक्सचा फरक, फिटनेस, परमिट, पिवळी पाटी. आरसीवर 'मोटर कॅब' आलं की तीच आरसी जोडून कंपनीला लेखी कळवा आणि पॉलिसीत बदल करून घ्या.

खर्च किती वाढतो तेही सांगतो. जून 2022 ला लागू झालेल्या दरांनुसार 1000 ते 1500 सीसीच्या प्रायव्हेट कारचा थर्ड पार्टी प्रीमियम 3416 रुपये. त्याच ताकदीच्या टॅक्सीला 7940, शिवाय प्रत्येक पॅसेंजरमागे 978. अर्टिगाचे सहा पॅसेंजर धरले तर 13,808 होतात, जीएसटी वेगळा. म्हणजे वर्षाला दहा हजार आणि थोडे वर, कुडाळ-देवबागच्या आठनऊ फेऱ्यांचं भाडं.

आरसी हातात आली पण पॉलिसीचा बदल अजून यायचाय, या मधल्या दिवसांत भाडं घेऊ नका, होमस्टेवाल्याला पिवळ्या पाटीवाल्याचा नंबर द्या. आणि बदलाचा कागद आला की त्यात गाडीचा वर्ग, पॅसेंजरची संख्या आणि कुठल्या तारखेपासून कव्हर चालू हे तिन्ही स्वतः वाचून बघा, सहाच्या जागी चार पडलेलं असेल तर लगेच परत पाठवा.