कोलेक्टमी की कोलेसिस्टेक्टमी? वैद्यकीय शब्द शेपटाकडून फोडायला शिका

सांगली-मिरजेकडे नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला येणाऱ्या बऱ्याच मुलामुलींची दहावी मराठी माध्यमातून झालेली असते. अॅनाटॉमी सुरू झाली की लांबलचक शब्दांचा मारा सुरू होतो आणि जो तो घोकंपट्टीला लागतो. घोकलेला शब्द परीक्षेपुरता टिकतो, पण वॉर्डात त्याच्यासारखाच दुसरा शब्द समोर आला की गोंधळ उडतो. म्हणून ऑपरेशनच्या यादीत नेहमी दिसणारा एकच शब्द घेऊन तो फोडून पाहू: कोलेसिस्टेक्टमी.

पहिली पायरी: शब्द वहीत इंग्रजी अक्षरांतच लिहा. देवनागरीत उच्चार उतरवून ठेवायची सवय इथे नडते. का, ते पुढे येईलच.

दुसरी पायरी: शेपूट, म्हणजे प्रत्यय, आधी कापा. रुग्णाला नेमकं काय झालंय किंवा काय करायचंय, हे शेवटच्या तुकड्यात असतं. इथे शेपूट आहे एक्टमी, म्हणजे काढून टाकणे. याचे दोन भाऊ आहेत आणि नवशिक्यांची सगळ्यात जास्त गल्लत त्यांच्यातच होते. ऑटमी म्हणजे कापून उघडणे. ऑस्टमी म्हणजे तोंड तयार करून ते उघडं ठेवणे. तिघांत फरक एक-दोन अक्षरांचा, पण एकात अवयव जातो, एकात नुसता छेद घेतला जातो आणि एकात रुग्णाच्या पोटावर पिशवी लागू शकते. हे तिन्ही आधी पक्के करा. सोबत आयटिस म्हणजे दाह, एमिया म्हणजे रक्तातली स्थिती आणि युरिया म्हणजे लघवीतली स्थिती, एवढे सहा प्रत्यय सुरुवातीला भरपूर झाले.

तिसरी पायरी: आता शब्दाची सुरुवात पाहा. पहिला तुकडा म्हणजे उपसर्गच, असं धरून चालू नका. उपसर्ग जागा, प्रमाण किंवा वेळ सांगतो: हायपर म्हणजे जास्त, हायपो म्हणजे कमी किंवा खाली, पेरि म्हणजे भोवती. आपल्या शब्दातला कोले हा तुकडा पित्त या वस्तूचं नाव सांगतो, म्हणून तो धातू, म्हणजे शब्दाचा मूळ तुकडा, आहे. या शब्दाला उपसर्गच नाही, आणि अनेक शब्दांना नसतो.

चौथी पायरी: उरलेला धातू उलगडा. कोले म्हणजे पित्त, सिस्ट म्हणजे पिशवी. पित्ताची पिशवी म्हणजे पित्ताशय. शेपूट जोडलं की अर्थ लागला: पित्ताशय काढून टाकणे.

आता खरी कसोटी. त्याच यादीत खाली कोलेक्टमी आणि सिस्टेक्टमी असे दोन शब्द आहेत असं समजा. सिस्टेक्टमीत पित्त कुठेच नाही. नुसतं सिस्ट आलं की बहुतेक वेळा मूत्राशय समजतात, कधी एखादी गाठही असते, म्हणून पुढे कोणता अवयव लिहिलाय तो वाचावा. कोलेक्टमीत कोल म्हणजे कोलन, मोठं आतडं. देवनागरीत कोलेक्टमी आणि कोलेसिस्टेक्टमी दोन्ही ‘कोले’नेच सुरू होतात. इंग्रजीत मात्र पित्तवाल्या शब्दात सी नंतर एच असतो, आतडंवाल्यात नसतो. तो एच सुटला की अवयवच बदलतो. अशीच गत इलियमची: एक लहान आतड्याचा शेवटचा भाग, दुसरं कमरेचं हाड. आतड्याच्या स्पेलिंगमध्ये मधे ई, हाडाच्या स्पेलिंगमध्ये आय.

तुकडे जोडताना मधे येणारा ओ कधी दिसतो, कधी गायब होतो. नियम सोपा आहे. प्रत्यय स्वराने सुरू होत असेल तर ओ गळतो: गॅस्ट्रायटिस. व्यंजनाने सुरू होत असेल तर राहतो: गॅस्ट्रोस्कोपी. दोन धातूंच्या मधे मात्र पुढे स्वर असला तरी तो सहसा टिकतो, जसं गॅस्ट्रोएन्टरायटिस. कोलेसिस्टमध्ये ओच्या जागी ई आहे, तेवढा अपवाद लक्षात ठेवा.

सरावासाठी कार्ड करा. पुढे शब्द, त्यात तिरप्या रेघांनी पाडलेले तुकडे. मागे एका ओळीत मराठी अर्थ. रोज पाच पुरे. पण एकसारखे दिसणारे शब्द एकाच दिवशी, शेजारी ठेवून करा. हिमॅटेमेसिस आणि हिमोप्टायसिस वेगवेगळ्या आठवड्यांत पाठ केले तर मिसळतात. पहिल्यात रक्ताची उलटी असते, दुसऱ्यात खोकल्यातून रक्त पडतं. जोडीने पाहिले की वेगळा तुकडा आपोआप डोळ्यांत भरतो.

या पद्धतीची मर्यादाही आहे. अॅनिमिया फोडला तर अर्थ येतो ‘रक्त नाही’, प्रत्यक्षात हिमोग्लोबिन कमी असतं. आयटिस दाह सांगतो, तो कशामुळे झाला ते सांगत नाही. व्यक्तीच्या नावाने ओळखले जाणारे आजार तर फुटतच नाहीत, ते पाठच करावे लागतात. आणि केसपेपरवरचं अक्षर लागत नसेल, एच आहे की नाही कळत नसेल, तर तुकड्यांवरून अंदाज बांधू नका. ड्युटीवरच्या सिस्टरना विचारा आणि त्यांच्याकडून स्पेलिंग अक्षर-अक्षर करून घ्या.