व्हिडिओचा शेवट पडतोय? एंड स्क्रीनच्या या चुका टाळा

पुण्यात पाहुणा निघाला की दारात उभं राहून आणखी अर्धा तास गप्पा होतात. यूट्यूबवर मात्र "चला तर मग" म्हटलं की प्रेक्षक त्याच क्षणी पसार. मी एडिटिंग करतो आणि माझ्याकडे येणाऱ्या बहुतेक व्हिडिओंचा शेवट याच तीन शब्दांनी पडलेला असतो.

परवाचंच उदाहरण घ्या. कर्वेनगरात गॅरेज असलेल्या मित्राने पावसाळ्यात सकाळी स्टार्ट न होणाऱ्या स्कूटरवर 8 मिनिटं 40 सेकंदांचा व्हिडिओ केला. 8:05 ला नवा प्लग बसवला, गाडी सुरू झाली. मग 8:20 पर्यंत "तर मित्रांनो, आजच्या व्हिडिओत इतकंच, आवडला असेल तर लाइक करा" आणि शेवटची 20 सेकंदं नुसतं संगीत व एंड स्क्रीन, म्हणजे पुढचे व्हिडिओ सुचवणारे दोन चौकोन. किती प्रेक्षक टिकले हे दाखवणारा रिटेन्शनचा आलेख 8:06 ला जिना उतरावा तसा खाली आला होता.

तो म्हणाला, "अरे, एंड स्क्रीनवर कुणी क्लिकच करत नाही."

"चौकोन येईपर्यंत कुणी थांबलंय का ते बघ की आधी!"

दोष कुठे आहे हे आलेखावरच कळतं. चौकोन दिसण्याआधीच घसरण असेल, तर ती तुमच्या निरोपामुळे. लोक चौकोनापर्यंत टिकतात पण क्लिक करत नाहीत, तर सुचवलेला व्हिडिओ चुकलाय किंवा त्याचं कारण नीट सांगितलं नाही. शेवटाला थोडा उतार प्रत्येक व्हिडिओत असतोच, त्याची धास्ती घेऊ नका. एकदम पडलेला कडा तेवढा शोधा.

एंड स्क्रीन व्हिडिओच्या शेवटच्या 5 ते 20 सेकंदांतच लावता येते, आणि त्यासाठी व्हिडिओ किमान 25 सेकंदांचा लागतो. 20 मिळतात म्हणून 20 वापरायची ही सवय मोडा. बोलणं 12 सेकंदांत संपत असेल, तर उरलेली आठ सेकंदं रिकामी बाकं दाखवल्यासारखी जातात.

मित्राचा निरोप आम्ही कापूनच टाकला. त्याऐवजी गाडी सुरू झाल्याच्या आवाजावर, हातात जुना प्लग धरून, तो एवढंच बोलला:

"प्लग बदलला, गाडी सुरू झाली. पण हा काळा थर बघा. एअर फिल्टर बुजलेला असेल, तर हा थर थोड्याच दिवसांत परत बसतो. फिल्टर कुठे असतो, तो उघडायचा कसा, हे मी इथे दाखवलंय."

एकतीस शब्द, साधारण 14 सेकंदं. सुरुवात 8:05 ला, "हा काळा थर" म्हणताना 8:08 ला चौकोन उगवतो, 8:19 ला बोलणं संपतं, आणि चौकोनाकडे बोट तसंच धरून आणखी तीन सेकंदं. व्हिडिओ 8:22 ला संपला. उत्तर मिळालं त्याच श्वासात पुढचा प्रश्न उभा राहिला, आणि तो प्रश्न त्याच प्लगवर दिसत होता. पुढचा व्हिडिओ "छान आहे, नक्की बघा" असं सांगून कुणी बघत नाही.

शेवटाला आवाजही पडतो, त्याचं कारण बहुधा वेगळंच असतं. शेवट दुसऱ्या दिवशी, खुर्चीत टेकून रेकॉर्ड केलेला असतो. शेवटची कृती आणि शेवटची वाक्यं एकाच टेकमध्ये, उभ्यानेच घ्या. "दाखवलंय"वर सूर खाली सोडू नका. आणि तिथे नवं संगीत सुरू करू नका. संगीत बदललं की कानाला आधीच कळतं, संपलं.

आता चौकोनाची गोची. तोंडाने "इथे एअर फिल्टर" म्हणायचं आणि सेटिंग `Best for viewer` ठेवायचं, म्हणजे तिथे भलताच व्हिडिओ येऊ शकतो. `Most recent upload`चंही तसंच, पुढच्या आठवड्यात तो बदलणार. वाक्यात व्हिडिओचं नाव घेत असाल तर `Choose specific video`च निवडा. चार घटक लावता येतात म्हणून चारही लावू नका. आम्ही एक व्हिडिओ ठेवला आणि सबस्क्राइबचं वर्तुळ पाच सेकंदांनी उशिरा आणलं. आधी दोन्ही एकदम आले तेव्हा नजर कुठे जावी तेच कळेना.

चौकोनासाठी जागा शूटिंगच्या वेळीच सोडा. मित्र डाव्या बाजूला उभा, उजवीकडे मोकळी भिंत. पहिल्या टेकमध्ये चौकोन बरोबर प्लगवरच बसला होता, म्हणजे ज्या थराबद्दल बोलतोय तोच झाकलेला. तो टेक परत घ्यावा लागला, आणि तोवर प्लग त्याने पुसून लख्ख केला होता.