रिन्यू केल्यावर पेपरची पीडीएफ उतरत नाही? सबस्क्रिप्शन डेस्कला मेसेज असा लिहा

"पैसे भरले तरी पीडीएफ डाउनलोड होत नाही" एवढंच लिहून पाठवलं की डेस्ककडून ठरलेलं उत्तर येतं, ॲप अपडेट करा, कॅशे क्लिअर करा, आणि त्यात दोन दिवस जातात. कारण नुसत्या तेवढ्या ओळीवरून समोरच्याला काहीच शोधता येत नाही. तो तुमचं खातं मोबाईल नंबर किंवा ईमेलवरून शोधतो, मग पेमेंट जुळवतो, मग प्लॅन बघतो, त्यामुळे मेसेज पण त्याच क्रमाने लिहायचा.

पण लिहायच्या आधी ॲपमधून लॉगआउट करून परत लॉगिन करा, कारण कधीकधी ॲप जुनीच संपलेली तारीख धरून बसतं. तरी नाही झालं तर दोन गोष्टी बघा. आजचा अंक स्क्रीनवर वाचायला उघडतो का, आणि रिन्यूअलच्या आधीचा एखादा अंक डाउनलोड होतो का.

वाचता येतं पण डाउनलोडचं बटणच गायब आहे किंवा त्यावर कुलूप दिसतंय, तर बहुतेक नवा प्लॅन फक्त वाचायचा आहे, रिन्यू करताना स्वस्तातला निवडला गेला असणार. जुना अंक उतरतो आणि फक्त आजचाच अडकतो, तर रिन्यूअलशी बहुधा संबंध नाही, आजच्या फाइलचाच घोळ असू शकतो, थोड्या वेळाने परत बघा. आणि काहीच न उघडता "सबस्क्राइब करा" असंच येत असेल तर पैसे दुसऱ्याच खात्यावर जमा झालेत का ते आधी तपासा.

हे शेवटचं घरोघरी होतं, विशेषतः पेपर वडील वाचतात आणि पैसे मुलं भरतात तिथे. आमच्या जुळे सोलापुरातल्या शेजारच्या काकांचं असंच झालं. ते रोज सकाळी सोलापूर आवृत्तीची पीडीएफ टॅबवर उतरवून घेतात, म्हणजे अक्षर मोठं करून वाचता येतं. मुदत संपली तेव्हा पुण्याच्या मुलाने स्वतःच्या मोबाईलवरून, स्वतःच्या नंबरने लॉगिन करून यूपीआयने पैसे भरले. झालं, सबस्क्रिप्शन चालू झालं मुलाच्या नंबरवर, काकांचं खातं तसंच संपलेलं, आणि वरून आवृत्ती पण पुणे निवडलेली. काकांनी मग हा मेसेज पाठवला:

"विषय: रिन्यूअलनंतर सोलापूर आवृत्तीची पीडीएफ डाउनलोड होत नाही

नमस्कार, माझं डिजिटल सबस्क्रिप्शन (माझा नोंदवलेला मोबाईल नंबर) या नंबरवर आहे. मुदत संपल्यावर माझ्या मुलाने (मुलाचा नंबर) यावरून लॉगिन करून (तारीख) रोजी (रक्कम) रुपये यूपीआयने भरले. यूपीआय रेफरन्स नंबर (१२ अंकी). पैसे बँकेतून गेले आहेत, पावती जोडली आहे. माझ्या खात्यात मात्र आजचा अंक उघडत नाही आणि रिन्यूअलच्या आधीचा अंकही डाउनलोड होत नाही, 'सबस्क्राइब करा' असं येतं. लॉगआउट-लॉगिन करून पाहिलं. कृपया हे पेमेंट कोणत्या खात्यावर, कोणत्या प्लॅनवर आणि कोणत्या आवृत्तीवर नोंदलं आहे ते सांगा, आणि ते माझ्या नंबरवर, सोलापूर आवृत्तीसह पीडीएफ डाउनलोडच्या प्लॅनवर हलवून द्या. बंद असलेले दिवस मुदतीत वाढवून मिळावेत ही विनंती."

यात प्रश्न नेमका विचारलाय बघा, पेमेंट कोणत्या खात्यावर गेलं. "का बंद झालं" एवढंच विचारलं तर मोघम उत्तर येतं, "कोणत्या खात्यावर" विचारलं की त्याला रेकॉर्ड उघडूनच बघावं लागतं. रेफरन्स नंबर यूपीआय ॲपच्या हिस्टरीत त्या व्यवहारावर टॅप केलं की दिसतो, तो फोटोतून नको, टाइप करून द्या, म्हणजे त्यांना कॉपी करून शोधता येतो. स्क्रीनशॉट पूर्ण पानाचा काढा, एररचा मजकूर आणि वर घड्याळातली वेळ दोन्ही दिसायला हवं. ओटीपी, यूपीआय पिन, कार्डाचा पूर्ण नंबर मात्र कुणी मागितला तरी देऊ नका, डेस्कला पेमेंट शोधायला त्याची गरजच नसते.

यूपीआयमध्ये व्यवहार "पेंडिंग" दिसत असेल तर थांबा, परत पैसे भरू नका, नाहीतर दोन पेमेंट होतात आणि एकाचे परत मिळवायला वेगळी खटपट. "फेल" दिसतंय पण पैसे कापलेत, तर तसं मेसेजमध्ये स्पष्ट लिहा आणि आपल्या बँकेतही तक्रार टाका, कारण ते पैसे पेपरवाल्यांकडे पोचलेलेच नसू शकतात.

डेस्ककडून "तुमचं खातं ॲक्टिव्ह आहे" असं उत्तर आलं तरी लगेच "ओके" लिहू नका, बऱ्याच ठिकाणी त्यावर तक्रार बंद होते. आधी परत लॉगिन करा, आजची पीडीएफ उतरवा, उघडून बघा, पहिल्या पानावर सोलापूर लिहिलंय ना ते बघा, आणि मगच कळवा. नसेल तर नवीन मेल न पाठवता त्याच मेलला उत्तर द्या, म्हणजे आधीचा तक्रार नंबर आणि सगळा मजकूर समोर राहतो.