बँक्वेटच्या एफ.पी.चे मराठीकरण : या चुका टाळा

हॉटेलच्या सेल्स विभागाकडून येणारी इंग्रजी एफ.पी., म्हणजे फंक्शन प्रॉस्पेक्टस हा समारंभाच्या तपशिलांचा कागद, किचन आणि सर्व्हिसच्या मुलांसाठी मराठीत उतरवताना सर्वाधिक घोटाळा आकड्यांत होतो, कारण आकडे जसेच्या तसे उतरवले की काम झाले असे वाटते.

समजा, शनिवारच्या स्वागतसमारंभाच्या कागदावर गॅरंटीड 250, एक्स्पेक्टेड 300 आणि त्यात 40 जैन असे लिहिले आहे. याचे ‘250 ते 300 पाहुणे’ असे भाषांतर करू नये. 250 ही पाहुणे कमी आले तरी ज्यांचे बिल होणारच अशी संख्या आहे, तर 300 हा यजमानांचा अंदाज आहे. किचनने किती ताटांचे रांधायचे आणि सर्व्हिसने किती खुर्च्या मांडायच्या, हे शेफ व बँक्वेट मॅनेजर यांना विचारून दोन स्वतंत्र ओळींत लिहावे. जैन पाहुण्यांच्या बाबतीत ‘250, पैकी 40 जैन’ असेच लिहावे. ‘250 आणि 40 जैन’ असे लिहिले तर बेरीज 290 होते आणि जास्तीच्या 40 ताटांचे अन्न वाया जाते.

वेळेच्या रकान्यात नुसते ‘जेवण 8:30’ पुरेसे नाही. पाहुणे त्या वेळी रांगेत येणार असतील, तर चेफिंग डिश आधीच भरलेल्या आणि तापलेल्या हव्यात. म्हणून ‘बुफे तयार 8:15, पाहुण्यांसाठी सुरू 8:30’ अशी क्रियापदासह नोंद करावी. मध्यरात्रीनंतरच्या वेळेबाबत विशेष जपावे लागते. हॉल रिकामा करण्याची वेळ 00:30 असेल, तर आपण तिला ‘शनिवारी रात्री साडेबारा’ म्हणतो, पण कागदावर ती रविवारची तारीख असते; त्यामुळे ‘शनिवारची रात्र उलटून रविवारी 00:30’ असे सविस्तर लिहिणेच बरे.

मांडणीतील ‘हाफ-मून’ या शब्दाने मी स्वतः एकदा फसलो. मी ‘अर्धगोल टेबले’ असे लिहिले आणि मुलांनी गोदामातून खरोखरच अर्धगोल टेबले काढून आणली. प्रत्यक्षात टेबल पूर्ण गोलच असते. केवळ कोणाचीही पाठ स्टेजकडे होऊ नये म्हणून स्टेजसमोरची बाजू मोकळी ठेवून बाकीच्या बाजूला खुर्च्या लावतात. दहा खुर्च्यांच्या टेबलाला अशा वेळी सहाच लागल्या, तर 300 पाहुण्यांसाठी 30 नव्हे, 50 टेबले लागतात आणि तितकेच टेबलक्लॉथही. मांडणीच्या नावाऐवजी हे वर्णन लिहावे व शेजारी पेनाने एक टेबल काढून दाखवावे.

एफ.पी. सुधारून आली की मराठी प्रतीवर सुधारणेचा क्रमांक आणि वेळ टाकावी, बदललेला आकडा ठळक करावा आणि किचनच्या भिंतीवरचा जुना कागद स्वतः जाऊन काढावा.